प्रसंगावरचे प्रश्न: आधी मुलाची चूक वाचा, मग सिद्धांत आठवा

प्रश्न: डी.एल.एड.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, टीईटीची तयारी करतेय. सिद्धांत पाठ आहेत, पण वर्गातला प्रसंग दिला की दोन पर्याय बरोबर वाटतात. उदा. ‘तिसरीतला रोहन ५२ − ३८ = २६ असे लिहितो. शिक्षक म्हणून तुम्ही प्रथम काय कराल?’ यात ‘आणखी सराव द्या’ हे उत्तर का नाही? आणि असा प्रसंग पियाजेचा की वायगॉट्स्कीचा, हे कसे ओळखायचे?

उत्तर:

ताई, हा प्रसंग फार चांगला आहे. याच एका गणितावरून तुमच्या दोन्ही शंका सुटतील, म्हणून दुसरे उदाहरण घेत नाही.

आधी २६ कुठून आले ते पाहा. एककाच्या घरात २ आणि ८ आहेत. रोहनने ८ मधून २ काढले, ६ उरले. दशकाच्या घरात ५ मधून ३ गेले, २ उरले. म्हणजे त्याने मनातल्या एका नियमाने गणित केले आहे: वर असो की खाली, मोठ्या अंकातून लहान अंक काढायचा. हा नियम त्याने उगाच बनवलेला नाही. पहिली-दुसरीत ‘नेहमी मोठ्यातून लहान वजा करायचे’ हे त्याने ऐकलेले असते, आणि ४७ − २३ सारख्या गणितात या नियमाने दर वेळी उत्तर बरोबरच येते.

आता ‘आणखी सराव द्या’ हा पर्याय तपासा. रोहनला अशीच दहा गणिते दिली तर तो दहाही याच नियमाने करील आणि त्याचा चुकीचा नियम आणखी पक्का होईल. ‘योग्य रीत फळ्यावर करून दाखवा’ हा पर्यायही लोक निवडतात. त्याने रोहन पायऱ्या उतरवून घेईल, पण ५२ म्हणजे पाच दशक आणि दोन सुटे हे त्याच्यासाठी ५ आणि २ असे वेगळेच अंक राहतील. म्हणून प्रश्नात ‘प्रथम’ हा शब्द असेल तर उत्तर असते: ‘हे कसे केलेस ते सांग’ असे त्याला विचारणे. ‘प्रथम’ नसेल आणि उपाय विचारला असेल, तर काड्यांचे गठ्ठे आणि सुट्या काड्या देऊन त्याला स्वतः दशक सोडायला लावणारा पर्याय निवडा. पर्यायांकडे जाण्याआधी प्रश्नातला हा शब्द शोधायची सवय लावा, कारण तुम्हाला बरोबर वाटणारे दोन पर्याय बहुतेक वेळा एकाच कामाच्या दोन पायऱ्या असतात.

विचारायचे का, लगेच शिकवायला का लागायचे नाही, याचे कारण तुम्हाला शाळेत आंतरवासितेतही उपयोगी पडेल. सारख्या दिसणाऱ्या चुकांच्या मागे वेगळी कारणे असतात. समजा, शेजारच्या आयेशाने ५२ − ३८ = २४ लिहिले. तिने दशक सोडून १२ केले, ८ काढले, ४ आणले. पण वरच्या ५ चे ४ करायला ती विसरली. तिला दशक सोडायचा असतो हे कळले आहे, रोहनला कळलेले नाही. दोघांना एकच धडा देऊन चालणार नाही. आता दोघांना ७१ − ४६ द्या. दोघांचेही उत्तर ३५ येईल! रोहन ६ मधून १ काढून ५ आणतो, आयेशा ११ मधून ६ काढून ५ आणते, आणि दशकाच्या घरात दोघेही ७ मधून ४ काढतात. एककांतला फरक पाच असला की या दोन चुका वेगळ्या ओळखूच येत नाहीत. म्हणून चाचणीसाठी गणित निवडताना असा फरक टाळा. ६० − २७ द्या: रोहनचे ४७ येईल, आयेशाचे ४३. आणि एकाच गणितावरून निदान करू नका. हातच्याशिवायची दोन आणि हातच्याची तीन गणिते दिली की दिसते. हातच्याशिवायची सगळी बरोबर आणि हातच्याची सगळी एकाच पद्धतीने चुकलेली असतील, तर मागे नियम आहे. एखादेच आणि एक-दोनाच्या फरकाने चुकले असेल, तर ती मोजण्यातली गडबड असू शकते. तिथे मात्र सराव आणि स्वतः पडताळणे हेच उत्तर.

आता सिद्धांत. कोणाचे नाव लिहायचे हे प्रसंगाच्या विषयावरून ठरत नाही. प्रसंगात काय बदलताना दाखवले आहे त्यावरून ठरते. ‘रोहन दोन अंकी वजाबाकीलाही जुनाच नियम लावतो’ असे असेल, तर ते पियाजेचे सात्मीकरण: नवा अनुभव जुन्या चौकटीत बसवणे. शिक्षिकेने त्याला २६ + ३८ करून पाहायला सांगितले, उत्तर ६४ आले आणि तो गोंधळला, हा असमतोल. त्यानंतर त्याने नियमच बदलला, तर समायोजन. इथे सगळा बदल मुलाच्या आत चालला आहे.

त्याच प्रसंगात दुसरे माणूस आले की दिशा बदलते. ‘रोहनला एकट्याला जमत नाही, पण मैत्रिणीने “दोन सुट्या काड्यांतून आठ काढता येतात का?” असे विचारल्यावर तो गठ्ठा सोडतो आणि पुढचे स्वतः करतो’ हे वायगॉट्स्कीचे समीपस्थ विकास क्षेत्र. एकट्याला जे जमते आणि मदतीने जे जमते, त्यांतले हे अंतर. मदत करणारी व्यक्ती शिक्षकच हवी असे नाही, जास्त जाणणारा सोबतीही चालतो. हळूहळू मदत काढून घेतली असेल तर स्कॅफोल्डिंग. हा शब्द वुड, ब्रूनर आणि रॉस यांच्या १९७६ च्या लेखातला. वायगॉट्स्की १९३४ मध्येच वारले होते. म्हणून ‘संज्ञा कोणाची’ असे विचारले आणि पर्यायांत ब्रूनर असेल तर ब्रूनर. ‘कोणाच्या सिद्धांताशी सुसंगत’ असे विचारले तर वायगॉट्स्की.

एक फसवे वळण सांगते. ‘रोहन गणित करताना “गठ्ठा सोडला, आता बारा झाले” असे स्वतःशी पुटपुटतो’ हे वाक्य दोघांच्याही नावावर येऊ शकते. पियाजेने अशा बोलण्याला आत्मकेंद्री भाषा म्हटले आणि वाढत्या वयाबरोबर ती मागे पडते असे मानले. वायगॉट्स्कीच्या मते मूल या स्वतःशी बोलण्याने आपल्या कृतीला दिशा देते आणि पुढे तेच बोलणे आतल्या आत होऊ लागते. ‘त्याला गप्प बसायला सांगा’ हा पर्याय असेल तर तो वायगॉट्स्कीच्या दृष्टीने चूकच.

‘रोहन अजून पूर्वक्रियात्मक अवस्थेत आहे’ असा पर्याय दिसला तर घाई करू नका. तिसरीतले मूल साधारण आठ वर्षांचे असते आणि पियाजेने मूर्त क्रियात्मक अवस्था सुमारे सात ते अकरा अशी सांगितली आहे. पण वयापेक्षा पुरावा महत्त्वाचा, आणि वजाबाकीतली एक चूक हा अवस्थेचा पुरावा नाही. अवस्थेबद्दल बोलायचे तर प्रसंगात तसे काही दिलेले असायला हवे, उदाहरणार्थ, पाणी उंच पेल्यात ओतल्यावर ‘आता जास्त झाले’ असे मूल म्हणते. वजाबाकीत दशक सोडताना रोहन अडतो, कारण स्थानिक किंमत त्याच्या हाताखालून गेलेली नाही. दहा-दहा काड्यांचे पाच गठ्ठे, दोन सुट्या काड्या आणि ‘यातून मला अडतीस दे’ एवढी विनंती केली, की आठ काड्या देताना त्याला गठ्ठा सोडावाच लागतो, आणि उरलेल्या चौदा तो स्वतः मोजतो. त्यानंतर वहीतले २६ त्याला दाखवा आणि दोन उत्तरांतले कोणते खरे, ते त्यालाच ठरवू द्या.