नऊ महिन्यांच्या कर्जाचं सरळव्याज कसं काढायचं?

«नव्या जाळ्यांसाठी चुलत्यांकडून ६०,००० रुपये द.सा.द.शे. १२ दराने घेतले. ३१ ऑगस्टला घेतले, ३१ मे रोजी परत करणार. मुद्दल × दर × मुदत ÷ १०० केलं तर व्याज ६४,८०० येतंय. कुठे चुकतंय?»

मुदतीच्या जागी तुम्ही ९ घातलेत, तिथे चुकलं. द.सा.द.शे. म्हणजे दर साल दर शेकडा. दर सालाचा आहे, मग मुदतही सालातच हवी. सूत्रात ९ लिहिल्यावर ते नऊ वर्षांचं व्याज झालं.

मी हर्णैला होडीचे हिशेब बरीच वर्षं ठेवले. सूत्र बाजूला ठेवून आधी वर्षाचं व्याज काढायची माझी सवय आहे. शंभराला १२, म्हणजे ६०,००० ला वर्षाचे ७,२००. बारा महिन्यांचे ७,२००, तर महिन्याचे ६००, आणि नऊ महिन्यांचे ५,४००. सूत्रातून करायचं तर मुदत ९/१२, म्हणजे ०.७५ वर्ष घ्या. उत्तर तेच येतं. ३१ मे रोजी चुलत्यांच्या हातात ६५,४०० ठेवायचे. १ जूनपासून मासेमारी बंद होते, तेव्हा त्याआधीच देणं मोकळं करताय हे चांगलं.

महिने मात्र बोटांवर मोजू नका. ऑगस्ट, सप्टेंबर असं करत मेपर्यंत आलात की दहा बोटं होतात आणि ६०० रुपये फुकट जातात. तारखेपासून तारखेपर्यंत मोजा, नऊच भरतात.

दुसरी चूक आमच्या घरात झालेली आहे, म्हणून कळकळीने सांगतो. इंजिनच्या दुरुस्तीला आम्ही ४०,००० घेतले होते, याच दराने, एक वर्ष चार महिन्यांसाठी. देणाऱ्याने वहीत मुदत १.४ वर्षं धरली आणि ६,७२० व्याज लावलं. आम्हीही ते मुकाट्याने दिलं. पण चार महिने म्हणजे वर्षाचा तिसरा हिस्सा, ०.४ नव्हे. सोळा महिने भागिले बारा करायला हवं होतं. खरं व्याज ६,४०० होतं. ३२० रुपये जास्त गेले. चुकीच्या हिशेबात ०.४ वर्ष म्हणजे जवळजवळ पाच महिने धरले गेले होते, हे फार उशिरा लक्षात आलं.

आणि चुलत्यांना एकदा स्पष्ट विचारून घ्या, १२ वर्षाचेच ना? बंदरावर कुणी «शेकडा दोन» म्हणालं तर बहुतेक वेळा ते महिन्याचे दोन असतात, म्हणजे वर्षाचे २४. तशा दरात महिन्यांना बाराने भागायचं नाही, महिने तसेच घ्यायचे: तुमच्या रकमेवर महिन्याला १,२००, नऊ महिन्यांचे १०,८००. तुमच्या व्याजाच्या नेमकं दुप्पट. चिठ्ठीवर दरापुढे «दरसाल» हा शब्द आणि दोन्ही तारखा लिहून घ्या.