मधला बर्थ मिळाला असेल तर आधी बोलून घ्या

रात्रीच्या स्लीपर डब्यात अनोळखी माणसाशी बोलायचं, तर सगळ्यात आधी खालच्या बर्थवाल्याशी. समजा, नागपूरहून संध्याकाळी सुटणाऱ्या मुंबईच्या गाडीत तुमचा ३४ नंबर आहे. आठाने भागून २ उरले, म्हणजे मधला बर्थ. तो उघडला की ३३ वाल्याला पाठ सरळ करून बसता येत नाही. बहुतेक भांडणं इथूनच सुरू होतात. नियमाने रात्री १० ते सकाळी ६ ही झोपायची वेळ, पण कुणाला जेवायचं असतं, कुणाला लवकर पडायचं असतं.

म्हणून बॅग सीटखाली सरकवली की लगेच म्हणा, "नमस्कार काका, माझा मधला बर्थ आहे. तुमचं जेवण झालं की उघडू का?" एवढं पुरतं. "कुठे उतरणार?" हेही विचारा. ते पहाटे कल्याणला उतरणार असतील, तर त्यांची बॅग पुढे राहील अशी तुमची ठेवा.

रात्री उशिरा चढलात तर मात्र नमस्कार नको. मोबाईलचा उजेड खाली धरून मुकाट्याने वर चढा. समोरच्याच्या कानात इअरफोन असेल, किंवा एकटी बाई खिडकीकडे तोंड करून बसली असेल, तर बर्थपुरतं बोला आणि थांबा. एका शब्दात उत्तर आलं, उलट प्रश्न आला नाही, म्हणजे त्यांना गप्पा नको आहेत. आडनाव, गाव, पगार तर विचारूच नका.