तपासणी अहवालाचा सारांश: आधी शेरे फोडा, मग मुदती घाला

प्रश्न: पुण्यातल्या एका अनुदानित माध्यमिक शाळेत मी लिपिक आहे. वार्षिक तपासणीचा 18 पानी अहवाल आलाय. शाळा समितीच्या सभेसाठी "जमेच्या बाजू, त्रुटी आणि पूर्ततेच्या मुदती" असा दोन पानी सारांश करायला मुख्याध्यापकांनी सांगितलंय. सुरुवात कुठून करू? काय घ्यायचं, काय गाळायचं?

उत्तर:

शेवटच्या पानावरच्या "अभिप्राय व सूचना" पासून सुरुवात करू नका. बहुतेक जण तिथेच चुकतात. तपासणी अधिकारी शेवटी आठ-दहा शेरे लिहितात, पण आधीच्या छापील प्रपत्रात "नाही", "अपूर्ण", "सादर केले नाही" असे जे रकाने भरलेले असतात, त्यातले निम्मे शेवटच्या पानावर येतच नाहीत. पुढच्या वेळी पडताळणी मात्र त्यांचीही होते. म्हणून अहवालाची झेरॉक्स घ्या, पहिल्या पानापासून प्रत्येक नकारात्मक नोंदीला पेन्सिलीने खूण करा आणि शेजारी पान क्रमांक लिहा. अहवालात शेऱ्याला क्रमांक दिलेला असेल तर तोच कायम ठेवा, कारण शिक्षणाधिकारी कार्यालयाला शेरेपूर्तता त्याच क्रमाने द्यावी लागते.

मग शेरे फोडा. एका शेऱ्यात "तसेच" आणि "व" लावून दोन-तीन गोष्टी कोंबलेल्या असतात. समजा शेरा 7 असा आहे: "अग्निशमन यंत्रांपैकी 3 यंत्रांची मुदत संपलेली आढळली, तसेच बी फॉर्म प्रमाणपत्र सादर केले नाही." समितीसाठी ही दोन वेगळी कामं आहेत, म्हणून 7अ आणि 7आ करा.

7अ मुख्याध्यापकांच्या अधिकारातलं आहे. एजन्सीला फोन करून यंत्रं भरून घेतली की आठवड्यात विषय मिटतो. पुरावा म्हणजे नवी तारीख असलेल्या लेबलचा फोटो आणि बिल. सभेत कुणीतरी हमखास म्हणेल, "काटा तर हिरव्यात आहे की." काटा फक्त दाब दाखवतो. आतली पावडर दमट होऊन गोळा झाली असेल तर ते काट्यावर कळत नाही, म्हणून तारीखच धरायची.

7आ चं तसं नाही. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006 प्रमाणे परवानाधारक एजन्सीचं हे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, द्यावं लागतं. एजन्सी आधी पाहणी करते. होज रील गळत असेल किंवा पंप चालत नसेल तर दुरुस्ती झाल्याशिवाय ती सही करत नाही. म्हणजे इथे खर्च आहे, समितीची मंजुरी हवी आहे आणि पाहणी, दुरुस्ती, प्रमाणपत्र असे तीन टप्पे आहेत. हे न फोडता "शेरा 7: 15 दिवसांत पूर्ण" असं लिहिलंत तर यंत्रं भरून झाल्यावर सगळ्यांना वाटेल की काम संपलं, आणि बी फॉर्म पुढच्या तपासणीपर्यंत राहून जाईल.

त्रुटींच्या मांडणीत मी एकच निकष लावायला सांगेन: निर्णय कुणाच्या हातात आहे? काही गोष्टी मुख्याध्यापक आजच करू शकतात, काहींना समितीचा ठराव आणि पैसे लागतात, आणि काही बाहेरच्या कार्यालयाच्या परवानगीवर अडतात. मुदत यावरच ठरते. विषयवार मांडणी (भौतिक सुविधा, शैक्षणिक, अभिलेखे) दिसायला नीटनेटकी असते, पण ती वाचून समितीला आज कशावर हात वर करायचा हे कळत नाही.

तिसऱ्या प्रकारात सगळ्यात जास्त घोळ होतो, म्हणून एक उदाहरण सविस्तर घेऊ. शेरा 11: "जनरल रजिस्टरमध्ये 14 विद्यार्थ्यांच्या जन्मतारखेत वा नावात खाडाखोड आढळली, सक्षम अधिकाऱ्याची मान्यता नाही." मोह असा होतो की रजिस्टर नीट करून मुदतीत "पूर्तता केली" लिहून टाकावं. तसं अजिबात करू नका. जनरल रजिस्टरमधल्या नाव, जात, जन्मतारीख अशा नोंदी शाळेला स्वतःच्या अधिकारात बदलता येत नाहीत. माध्यमिक शाळा संहितेप्रमाणे त्यासाठी शिक्षणाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. शाळेने परस्पर केलेली दुरुस्ती ही पुन्हा नवी खाडाखोडच.

अशा शेऱ्यासमोर "दुरुस्तीची मुदत" न लिहिता "प्रस्ताव पाठवण्याची मुदत" लिहा. त्याआधी 14 नोंदींची छाननी करा. मूळ प्रवेश अर्ज, आधीच्या शाळेचा दाखला आणि जन्म दाखला शेजारी ठेवून पाहा. काही ठिकाणी निव्वळ लेखनातली चूक असेल, काही ठिकाणी कागदच नसेल. समजा 9 जणांची कागदपत्रं मिळाली आणि 5 जणांची नाहीत. मग सारांशात ओळ अशी येईल: "9 नोंदींचा प्रस्ताव 18 जुलैपर्यंत, 5 पालकांना कागदपत्रांसाठी पत्र 14 जुलैपर्यंत, दुरुस्ती मान्यता मिळाल्यावर." शाळा सोडून गेलेल्यांची नोंद त्यात असेल तर ती वेगळी दाखवा, तिला जास्त कडक नियम लागतात.

मुदती मोजताना आवक दिनांक धरा, तपासणीचा दिवस नव्हे. समजा पत्र 7 जुलैला आवक झालं आणि 15 दिवसांत शेरेपूर्तता मागितली आहे, तर 22 जुलै ही कार्यालयाची तारीख. तुमची आतली तारीख 19 ठेवा, कारण सह्या, जोडपत्रं आणि फायलीच्या दोन प्रती यात दोन दिवस जातातच. सभा 12 तारखेला असेल तर 12 ते 19 एवढीच जागा हातात उरते. त्यात न बसणाऱ्या कामाला टप्पे द्या, आणि 22 तारखेच्या पत्रात पहिला टप्पा पूर्ण झाल्याचा पुरावा जोडा. "काम प्रगतीपथावर आहे" या वाक्याला कार्यालयात कुणी विचारत नाही, दरपत्रक आणि ठरावाची प्रत जोडली की विचारतात.

बांधकामाच्या बाबतीत पुण्याचं वेळापत्रक डोळ्यांसमोर ठेवा. मुलींचं जादा स्वच्छतागृह ही त्रुटी असेल आणि शाळा पेठेत असेल, तर ऑगस्टअखेरची तारीख घालून स्वतःची फसवणूक करू नका. गणपतीच्या दिवसांत वाळूचा टेम्पो त्या गल्लीत शिरणार नाही, आणि मुलं वर्गात असताना तोडफोड करायची नसते. दरपत्रकं जुलैत, ठराव ऑगस्टच्या सभेत, काम दिवाळीच्या सुट्टीत, हे खरं वेळापत्रक. पण आहे त्या स्वच्छतागृहाची तुटलेली कडी आणि बंद नळ उद्याच दुरुस्त व्हायला हवेत, ती ओळ वेगळी लिहा.

आणखी एक ठरलेला शेरा: "सखी सावित्री समिती स्थापन आहे, परंतु सभांचे इतिवृत्त नाही." इथे जुन्या तारखांची इतिवृत्तं तयार करायची सूचना कुठून तरी येतेच. ती पकडली जातात. एका बैठकीची तारीख रविवारी येते, एखाद्या सदस्याची त्याच दिवशी रजा निघते, चार सभांच्या सह्या एकाच शाईत आणि एकाच ओळीत असतात. सारांशात सरळ लिहा: "मागील कालावधीत सभा झाल्या नाहीत. पहिली सभा 15 जुलै, विषयपत्रिका सोबत." त्रुटी मान्य केलेली चालते, पण बनावट अभिलेख सापडला तर प्रकरण शेऱ्यावर थांबत नाही.

अहवालातली एखादी नोंद चुकीची वाटली तर तिला त्रुटीत घालू नका, गाळूही नका. "खुलासा" म्हणून दोन-तीन ओळी वेगळ्या द्या. उदाहरणार्थ, पटसंख्येत 6 चा फरक दाखवला असेल, तर यू-डायसचा आकडा 30 सप्टेंबरचा असतो आणि तपासणीच्या दिवशीचा पट वेगळा असतो. मधल्या काळात दाखले दिलेल्या मुलांची यादी जोडली की तो शेरा निघतो.

जमेच्या बाजू चार-पाचच घ्या, त्याही पान क्रमांकासह. "अध्यापन समाधानकारक", "परिसर स्वच्छ" ही जमेची बाजू नव्हे, तो शिष्टाचार आहे. अधिकाऱ्यांनी काहीतरी प्रत्यक्ष पडताळलं आणि ते जुळलं, तेवढंच घ्या: "प्रयोगशाळेच्या जडसंग्रह नोंदवहीतील निवडलेल्या वस्तू प्रत्यक्ष मोजणीत जुळल्या (पान 6)." त्रुटी 12 आहेत म्हणून जमेच्या बाजूही 12 करायच्या, असा हिशोब नसतो.

वर्गनिरीक्षणाचे शेरे समितीपुढे ठेवताना शिक्षकांची नावं काढा. एका विषयाला शाळेत एकच शिक्षक असेल तर विषय लिहिला तरी माणूस कळतो. असे शेरे मुख्याध्यापकांकडे वेगळ्या कागदावर द्या, आणि सारांशात "अध्यापनविषयक 3 शेरे, मुख्याध्यापक स्तरावर कार्यवाही" एवढंच ठेवा. विद्यार्थ्यांची नावं तर कुठेच नकोत.

पानावरचा क्रम मी असा ठेवेन. सगळ्यात वर समितीने आज घ्यायचे निर्णय, त्यातही मुलांच्या सुरक्षेचे आधी. त्यानंतर बाहेरच्या परवानगीवर अवलंबून असलेले शेरे. मग मुख्याध्यापक स्तरावरचे, त्यातले सभेआधी पूर्ण झालेले एका ओळीत. जमेच्या बाजू शेवटी, किंवा अध्यक्षांना आवडत असेल तर सुरुवातीला. त्रुटीची प्रत्येक ओळ साधारण अशी दिसावी:

शेरा 7आ (पान 9): बी फॉर्म नाही. निर्णय: समिती. जबाबदार: मुख्याध्यापक. एजन्सीची पाहणी 16 जुलै, दुरुस्ती व प्रमाणपत्र 31 जुलै. पुरावा: प्रमाणपत्राची प्रत व अग्निशमन विभागाची पोच.

जबाबदार म्हणून एकच पद लिहा. "सर्व संबंधित" असं लिहिलेलं काम कुणाचंच नसतं.

सोबत ठरावाचा मसुदाही तयार ठेवा, म्हणजे सभेत शब्दांवर वेळ जाणार नाही: "तपासणी अहवालातील शेरा 7आ च्या पूर्ततेसाठी परवानाधारक एजन्सीकडून पाहणी व आवश्यक दुरुस्ती करून घेण्यास व त्यासाठी रुपये ____ पर्यंतच्या खर्चास मंजुरी देण्यात येत आहे." रकमेची कमाल मर्यादा लिहिलेली असली की दुरुस्तीचं बिल थोडं वाढलं म्हणून पुन्हा सभा बोलवावी लागत नाही. खाली सूचक आणि अनुमोदक यांची जागा सोडा.

शेरेपूर्तता कार्यालयात दिल्यावर आवक शिक्क्याची प्रत त्याच फायलीत लावा, आणि टप्प्यातली जी कामं उरली आहेत त्यांचे शेरा क्रमांक पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेत लगेच टाकून ठेवा.