निविदा भरण्याआधीच जेव्हीतून बाहेर कसं पडायचं?

"पाणीपुरवठ्याच्या एका कामासाठी आम्ही तिघांनी जेव्ही करायचं ठरवलं. एमओयू झालाय, लीड पार्टनरला पॉवर ऑफ अटर्नी पण देऊन बसलोय. निविदा अजून भरलेली नाही. मला आता हे काम नको आहे. पुढे कोर्टकचेरी मागे लागणार नाही असं बाहेर कसं पडू?"

निविदा पोर्टलवर चढलेली नाही तोवर खात्याच्या लेखी तुम्ही सहसा कुणीच नसता. ईएमडी जप्त होण्याचा प्रश्न साधारणपणे मुदत संपल्यानंतर माघार घेतली तर येतो. अपवाद एकच: आधी पात्रता फेरी होऊन तुम्हा तिघांची नावं मंजूर झाली असतील, तर सदस्य बदलायला खात्याची लेखी परवानगी लागते. तसं नसेल तर तुमचा हिशोब दोन ठिकाणी आहे, भागीदारांशी आणि तुमच्या सहीच्या कागदांशी. लोक पहिल्याची काळजी करतात. माझ्या मते धोका दुसऱ्यात जास्त आहे.

लीडकडे तुमची पॉवर ऑफ अटर्नी, अनुभवाचे दाखले, सीएचं उलाढालीचं प्रमाणपत्र आणि सही केलेला जेव्ही करार पडून असतो. शेवटच्या रात्री तो स्वतःच्या डीएससीने हेच कागद चढवून मोकळा झाला, तर तुम्ही कागदोपत्री भागीदार. बहुतेक निविदांमध्ये सदस्य 'संयुक्तपणे व स्वतंत्रपणे' जबाबदार असतात, म्हणजे वीस टक्के वाटा असला तरी खातं अख्ख्या कामासाठी तुम्हाला धरू शकतं.

पॉवर ऑफ अटर्नीत 'अपरिवर्तनीय' लिहिलंय म्हणून हातपाय गाळू नका. करार कायदा १८७२ चं कलम २०३ सांगतं की मुखत्याराने अधिकार वापरून तुम्हाला बांधून घेण्याआधी तो काढून घेता येतो. कलम २०२ चा अडसर मुखत्याराचा त्या विषयात स्वतःचा हितसंबंध असेल तरच येतो. लीड हाच मुद्दा पुढे करू शकतो, म्हणून मसुदा वकिलाला दाखवा. आणि कलम २०८ विसरू नका: तिसऱ्या पक्षाच्या बाबतीत अधिकार संपतो तो त्याला कळल्यावर. म्हणून रद्दपत्राची प्रत कार्यकारी अभियंत्याच्या कार्यालयाला निविदेची मुदत संपण्याआधी मिळाली पाहिजे. ईमेल करा, शिवाय आवक विभागात देऊन पोचेचा शिक्का घ्या. पत्रात निविदा क्रमांक टाका आणि 'आमचा कोणताही दाखला या निविदेत वापरण्यास संमती नाही' हे वाक्य ठेवा. भागीदारांची तक्रार त्यात नको.

आता भागीदार. मी हाताळलेल्या एका प्रकरणात पंपिंग मशिनरीवाल्याचा २० टक्के वाटा होता. लीडने फोनवर 'जा बाबा' म्हटलं, तेवढ्यावर तो निश्चिंत होता. एमओयू उघडला तर त्यात दोन कलमं निघाली: निविदापूर्व खर्च वाट्याप्रमाणे, आणि या कामासाठी दुसऱ्या कुणाबरोबर जायचं नाही. सर्व्हे, डिझाइन सल्लागार आणि किरकोळ मिळून बिलं पाच लाखांची होती. त्याने एक लाख चेकने दिले आणि तिघांनी ५०० रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर समापन करार केला. एमओयू अमुक तारखेपासून रद्द, कुणाचं कुणाकडे येणं नाही, दर आणि डिझाइन गुप्त राहतील, मूळ कागद परत मिळाले, एवढंच त्यात होतं. कलम ६२ प्रमाणे संमतीने करार मोडला की मूळ करार पाळायची गरज उरत नाही. परत घेतलेल्या कागदांची यादी मात्र नगाने केली. रंगीत स्कॅन लीडकडे राहतातच, म्हणून संमती नसल्याचं ते पत्र वर सांगितलं.

एका गोष्टीपासून लांब राहा. 'तू भरू नकोस, आम्ही तुला बघून घेतो' असं कुणी म्हटलं तर नाही म्हणा. निविदेपासून दूर राहायचे पैसे घेणं म्हणजे स्पर्धा कायदा २००२ च्या कलम ३(३)(ड) मधलं बोली-संगनमत, तिथे दंड उलाढालीच्या टक्क्यात मोजला जातो. बाहेर पडून त्याच निविदेत दुसऱ्या गटातून उतरणंही टाळा. एमओयू आडवा येईल, आणि लीडचे दर तुम्हाला माहीत असल्याने संशय तुमच्यावरच येईल.

लीड सही करायला तयार नसेल तर थांबू नका. एमओयूत नोटिशीची मुदत दिली असेल तेवढी देऊन एकतर्फी पत्र पाठवा, बिलांची मागणी लेखी करा, रास्त वाटा देऊ करा. तो पुढे भरपाई मागू शकेल, पण करार कायद्याच्या कलम ७३ खाली त्याला प्रत्यक्ष नुकसान दाखवावं लागेल. मुदतीला दहा-बारा दिवस असताना कळवलं तर तिसरा भागीदार शोधायला त्याला वेळ होता हे तुम्हाला सांगता येतं. आदल्या दिवशी कळवलं तर ते म्हणणं उरत नाही. एमओयूत 'माघार घेतल्यास इतके लाख' असं कलम असेल तर पत्र पाठवण्याआधीच वकील गाठा. कलम ७४ खाली तो आकडा कमाल मर्यादा ठरतो, आपोआप देणं नाही, पण वाटाघाट त्याच आकड्यापासून सुरू होते.