आई-बाबांना वाइन टेस्टिंगबद्दल पत्र : मी काय लिहिलं होतं

प्रश्न : मी ॲडलेडला असते. महिन्यातून एखाद्या वेळी मैत्रिणींबरोबर वाइन टेस्टिंगला जाते. एका फोटोवरून घरी कळलं आणि तेव्हापासून प्रत्येक फोन रडारडीत संपतो. मी दारुडी झालेले नाही, मला त्यातलं चाखणं आवडतं, एवढंच सांगायचंय. पत्र लिहावं म्हणते. काय लिहू आणि काय टाळू?

उत्तर :

पत्र लिहिच. फोनवर आईचा आवाज कापरा झाला की आपण एकतर चिडतो, नाहीतर खोटं बोलतो. कागदावर सगळं सलग सांगता येतं आणि त्यांना ते चार दिवसांनी पुन्हा वाचता येतं.

मी जर्मनीत कोब्लेंझला राहते. माहेर तासगावकडचं, घरची द्राक्षबाग. माझ्याही घरी हाच प्रसंग आला होता. त्या वेळी लिहिलेलं पत्र घरगुती मजकूर गाळून खाली देते. त्यात एक गोष्ट मी मुद्दाम टाळली आहे, ती म्हणजे ‘वाइन तब्येतीला चांगली असते’ हा युक्तिवाद. तो आज टिकत नाही. शिवाय आई-वडिलांनी एखाद्या डॉक्टरला विचारलं तर बाकीच्या पत्रावरचाही त्यांचा विश्वास उडेल.

---

ती. आण्णा आणि आई यांना साष्टांग नमस्कार,

आण्णा, आधी तुमच्यासाठी बागेचं लिहिते. कोब्लेंझहून मोझेल नदीच्या काठाने रेल्वे जाते. बुलायला गाडी बदलली की ट्राबेन-ट्रारबाखला पोचतो. दोन्ही बाजूंना डोंगरउतार आणि उतारभर द्राक्षं. काही उतार इतके उभे आहेत की ट्रॅक्टर चढतच नाही. छाटणी, विरळणी, तोडणी सगळं हाताने होतं. जमिनीत पाटीच्या दगडाचे चपटे तुकडे पसरलेले असतात. ते दिवसभर तापतात आणि रात्री वेलीला ऊब देतात. इथल्या थंडीत द्राक्ष पिकायचं तर दक्षिणेकडे तोंड असलेला उतार आणि हा दगड दोन्ही लागतात.

आपल्याकडे एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी, अशा दोन छाटण्या. इथे वेल हिवाळ्यात झोपलेली असते, म्हणून तेव्हा एकदाच छाटतात. जूनमध्ये फुलोरा येतो आणि ऑक्टोबरात तोडणी होते. इथली मुख्य जात रीसलिंग. मणी बारीक, सालीचे, बियांचे. बाजारात आपल्या थॉमसनपुढे कोणी हातात घेणार नाही. पण रात्री गार असल्यामुळे त्यातलं आम्ल जळून जात नाही, आणि वाइनला नेमकं तेच हवं असतं. रसातली साखर कळायला तुम्ही रिफ्रॅक्टोमीटरवर ब्रिक्स बघता, तसं हे लोक ‘उक्स्ले’ मोजतात. ८० उक्स्ले म्हणजे साधारण १९ ब्रिक्स. केवडा आणि भुरीच्या नावाने इथला बागायतदारही तुमच्याइतकाच वैतागतो.

आता टेस्टिंग म्हणजे काय ते सांगते. बागायतदाराच्या घराखाली तळघर असतं आणि वरच्या खोलीत एक लांब टेबल. त्यावर पाण्याचा जग, पावाचे तुकडे आणि एक उभट भांडं ठेवलेलं असतं. प्रत्येक पेल्यात तीस-चाळीस मिली वाइन ओततात. आधी रंग बघायचा. मग पेला गोल फिरवून वास घ्यायचा, कारण फिरवल्यावर वास सुटतो. मग एक छोटा घोट तोंडात घेऊन थोडी हवा आत ओढायची, जिभेवर सगळीकडे फिरवायचा आणि त्या भांड्यात थुंकायचा. आई, तुला हे किळसवाणं वाटेल, पण तिथे ती रीतच आहे. चव म्हणून जे आपल्याला जाणवतं, त्यातला मोठा भाग घशामागून नाकात जाणारा वास असतो. त्यासाठी गिळावं लागत नाही.

मला यात काय आवडतं? मागच्या शरद ऋतूत एका बागायतदाराने दोन पेले शेजारी ठेवले. तीच जात, तेच वर्ष, तोच बनवणारा माणूस, फक्त बागा वेगळ्या. एक वेलेन गावची, जिथे उतारावर १८४२ साली बांधलेलं सूर्यघड्याळ आहे आणि दगड निळसर करडा आहे. दुसरी जवळच्या युर्त्सिगची, जिथे माती तांबडी आहे. पहिल्या पेल्यात हिरव्या सफरचंदाचा आणि लिंबाच्या सालीचा वास होता, दुसऱ्यात पिकलेल्या पीचचा, आणि मागून काहीतरी मसालेदार. दगडाची चव मुळांतून सरळ द्राक्षात उतरत नाही. पण दगड किती तापतो, पाणी किती धरतो, उतार कुठल्या दिशेला आहे, यावर मणी कसा पिकतो ते ठरतं. आण्णा, तुम्ही मणी तोंडात टाकून सांगता ना, की हा घड वरच्या रानातला आणि हा ओढ्याकडचा? मी हे तुमच्याकडूनच घेऊन इथे आले आहे.

दुसरी गंमत गोड आणि आंबट यांच्या तोलाची. ८० उक्स्लेच्या रसातली सगळी साखर आंबली तर साधारण साडेदहा टक्के अल्कोहोल तयार होतं. पण इथले लोक काही वाइन साडेआठ टक्क्यांवरच थांबवतात. टाकी गार करतात आणि यीस्ट गाळून काढतात. उरलेली साखर, लिटरला तीस-पस्तीस ग्रॅम, तशीच राहते. एवढी गोडी नुसत्या पाण्यात असती तर नको वाटली असती, पण रीसलिंगचं आम्ल तिला धरून ठेवतं. आई, तुझ्या आमटीत चिंच आणि गूळ एकमेकांना धरतात तसं. कुठल्या वर्षी तो तोल जमला आणि कुठल्या वर्षी पावसाने बिघडला, हे चाखून ओळखायचा मी प्रयत्न करते आणि वहीत लिहून ठेवते.

कधीकधी वाइन बिघडलेलीही निघते. बुचातल्या एका द्रव्यामुळे तिला ओल्या पुठ्ठ्याचा, दमट तळघराचा वास येतो आणि फळाचा वास पार बुजतो. असा वास पहिल्यांदा मी ओळखला तेव्हा त्या घरच्या आजींनी स्वतः हुंगून बघितलं, मान डोलावली आणि दुसरी बाटली उघडली. मला फार आनंद झाला होता.

आता तुम्हाला ज्याची भीती वाटते त्याबद्दल. आपल्या गल्लीत दारूने बसलेली घरं मी लहानपणापासून बघितली आहेत. तुमची भीती कुठून येते ते मला समजतं, आणि ती चुकीची आहे असं मी म्हणणार नाही. वाइनमध्येही अल्कोहोलच असतं. किती, ते हिशोबाने सांगते. चाळीस मिलीच्या पेल्यात साडेआठ टक्के म्हणजे ३.४ मिली अल्कोहोल, वजनात साधारण २.७ ग्रॅम. अशा सहा वाइन पूर्ण गिळल्या तर १६ ग्रॅम होतात. आपल्याकडे साठ मिली व्हिस्कीचा जो मोठा पेग म्हणतात, त्यात सुमारे २० ग्रॅम असतं. मी बहुतेक घोट थुंकते आणि शेवटी आवडलेली एकच वाइन जेवणाबरोबर पेलाभर घेते.

कमी आहे म्हणून निर्धोक आहे, असंही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं, की अल्कोहोलचं कुठलंच प्रमाण पूर्ण सुरक्षित नसतं. कॅन्सरचा धोका पहिल्या पेल्यापासून थोडा का होईना वाढतो. मी तो थोडा धोका जाणूनबुजून पत्करते आहे आणि तो थोडाच राहील याची काळजी घेते. घरी एकटी असताना बाटली उघडत नाही. मन बिघडलेलं असेल त्या दिवशी घेत नाही. टेस्टिंगला रेल्वेनेच जाते, गाडी चालवत नाही.

बिघडत चाललं तर ते मलाच आधी कळेल अशी एक खूण आहे, ती तुम्हालाही सांगून ठेवते. वहीत लिहिणं बंद झालं आणि थुंकायचा कंटाळा यायला लागला, तर मी चाखत नसून पीत आहे. पाच-सहा वाइननंतर जीभ तशीही बोथट होते, पुढच्या सगळ्या सारख्याच लागतात. तिथे मी उठते. तुम्ही कधीही विचारा, ‘वही चालू आहे का?’ मी खरं उत्तर देईन.

तुम्ही इथे याल तेव्हा ऑक्टोबरात या. वाइनला हात लावायची गरज नाही. तोडणीच्या दिवसांत ताजा रस मिळतो, तो घ्या. आण्णांना त्या उभ्या उतारावर न्यायचं माझ्या मनात आहे.

तुमची,
ताई

---

आण्णांचं उत्तर आलं त्यात वाइनचा उल्लेखही नव्हता. त्या उतारावर ठिबक कसं बसवतात, एवढंच विचारलं होतं. आईला वेळ लागला. तिला आकड्यांपेक्षा ‘एकटी असताना नाही’ आणि वहीची खूण जास्त पटली. म्हणून तुझ्या पत्रात अशी एखादी खूण नक्की दे, पण खरोखर पाळशील तीच.

माझे आकडे मात्र जसेच्या तसे उचलू नकोस. तुझ्याकडच्या बरोसाच्या शिराझमध्ये बऱ्याचदा साडेचौदा टक्के अल्कोहोल असतं. त्याच चाळीस मिलीत साडेचार ग्रॅमपेक्षा जास्त झालं, आणि सहा पेले गिळले तर २७-२८ ग्रॅम. ऑस्ट्रेलियात १० ग्रॅमला एक स्टँडर्ड ड्रिंक धरतात, म्हणजे जवळजवळ तीन. तिथल्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार निरोगी प्रौढांनी आठवड्याला १० आणि एका दिवसात ४ च्या वर जाऊ नये. बाटलीच्या लेबलवर त्यात किती स्टँडर्ड ड्रिंक आहेत ते छापलेलं असतं, त्यावरून तुझा हिशोब तूच मांड. तुम्ही मैत्रिणी मोटारीने जात असाल तर चालवणारी कोण आणि ती त्या दिवशी काय करते, हेही लिही. माझ्या आईचा पहिला प्रश्न तोच होता.

ज्या फोटोवरून हे सगळं सुरू झालं तोही पत्राबरोबर पाठव, आणि मागे लिही की पेल्यात काय होतं, किती होतं आणि टेबलावरचं ते भांडं कशासाठी आहे.