77777 वर संपणारा नंबर आणि 85 हजार रुपये

प्रश्न: नाशिकमध्ये आमचा घरगुती केटरिंगचा व्यवसाय आहे. एका ऑर्डरमागे साधारण अडीच हजार सुटतात. एक डीलर 77777 वर संपणारा मोबाइल नंबर 85 हजारांना देतोय. ग्राहकांच्या लक्षात राहील आणि दोन वर्षांत किंमत दुप्पट होईल, असं तो म्हणतो. दीड लाखाची एफडी आहे, ती मोडून घेऊ का?

एफडी मोडू नका आणि 85 हजारांना हा नंबर घेऊ नका. पण अशा नंबराला किंमत का येते, ते समजून घ्या, म्हणजे पुढचा डीलर भेटला तरी तुम्ही स्वतःच हिशेब कराल.

शेवटचे पाच आकडे 77777 असण्याची शक्यता 1 लाखात 1. त्यामुळे पहिले चार आकडे ठरलेल्या 10 लाख नंबरांच्या मालिकेत असे 10 नंबर निघतात. ऐकायला हे फार दुर्मिळ वाटतं. पण देशात मोबाइल जोडण्या 100 कोटींहून जास्त आहेत. नंबर सगळीकडे सारखे वाटले गेले असं धरलं, तर 77777 वर संपणारे सुमारे 10 हजार नंबर आजही वापरात असतील. डीलर त्याला ‘एकमेव’ म्हणालाच, तर ते फक्त पूर्ण दहा आकड्यांबद्दल खरं आहे आणि त्या अर्थी तुमचा आजचा नंबरही एकमेवच आहे.

मग भाव का चढतो? एक म्हणजे आकड्यांवरची श्रद्धा. कोणाला 786 हवा असतो, कोणाला 108, कोणाला मूलांकाचा आकडा. दुसरं म्हणजे रुबाब. गाडीच्या 0001 ला पैसे मोजणारी माणसंच इथेही असतात. फरक इतकाच की आरटीओत पसंतीच्या नंबरासाठी शुल्काचा तक्ता असतो आणि पैसे सरकारी तिजोरीत जातात. इथे डीलर गिऱ्हाईक बघून आकडा सांगतो. तिसरं कारण खऱ्या उपयोगाचं आहे: कानावर एकदा पडलेला नंबर डोक्यात राहणं. 2003 मध्ये चीनमधल्या सिचुआन एअरलाइन्सने आठ वेळा 8 असलेला फोन नंबर लिलावात 23 लाख 30 हजार युआनला घेतला. चिनी भाषेत आठचा उच्चार भरभराटीच्या शब्दाशी जुळतो, आणि विमान कंपनीला तिकिटांसाठी लोक फोन लावत. तिथे नंबर हा धंद्याचा दरवाजाच होता.

तुमचं तसं आहे का? मागच्या महिन्यातल्या ऑर्डरी आठवा. कितीजणांनी आकडे आठवून फोन लावला आणि कितीजणांनी कोणीतरी पाठवलेल्या संपर्कावर बोट ठेवलं? केटरिंगची ऑर्डर बहुतेक वेळा एखाद्या मावशीच्या शिफारशीवरून येते. ती मावशी नंबर तोंडपाठ सांगत नाही, व्हॉट्सअॅपवर पाठवते. टेम्पोच्या मागे किंवा भिंतीवर रंगवलेला नंबर येता-जाता वाचला जातो, तिथे मात्र सोप्या नंबराचा फायदा होतो.

आता पैसे. 85 हजार एफडीत राहिले तर 7 टक्क्यांनी वर्षाला 5,950 रुपये मिळतात, ते जातील. जुना नंबर ग्राहकांकडे आहे, तो बंद करता येणार नाही, म्हणजे दुसऱ्या सिमचा रिचार्ज आला. महिन्याला 200 धरले तर वर्षाला 2,400. पाच वर्षांत मुद्दल वसूल व्हायचं तर वर्षाला 17,000. एकूण 25,350. तुमच्या अडीच हजारांच्या हिशेबाने, केवळ नंबरामुळे आलेल्या दहा-अकरा जास्तीच्या ऑर्डरी दरवर्षी हव्यात, तेव्हा कुठे बरोबरी होईल. आणि एफडीत उरतील 65 हजार. लग्नसराईनंतरच्या मंद महिन्यांत किराणा-भाजीचे पैसे याच एफडीतून निघणार असतील, तर ती मोडणं मला धोक्याचं वाटतं.

‘किंमत दुप्पट होईल’ हे तपासायचा सोपा उपाय आहे. डीलरला विचारा, “हाच नंबर माझ्याकडे असता, तर तुम्ही आज कितीला परत घेतला असता?” तो जो आकडा सांगेल, तो तुमचा खरा बाजारभाव. मागितलेल्या 85 हजारांपासून तो जितका खाली, तितकं नुकसान व्यवहाराच्या दिवशीच झालेलं असतं. शिवाय ही मालमत्ता नव्हे. नंबर दूरसंचार विभाग कंपन्यांना देतो आणि आपल्याला फक्त वापरण्याचा हक्क मिळतो. प्रीपेड नंबर 90 दिवस न वापरता आणि बॅलन्सशिवाय पडून राहिला, तर कंपनी तो बंद करू शकते आणि पुढे तो दुसऱ्याला मिळतो. सोन्याची अंगठी कपाटात पडून राहिली म्हणून कोणी परत मागत नाही.

सगळ्यात जास्त काळजी मला दुसऱ्याच गोष्टीची वाटते. बहुतेक राज्यांत एका व्यक्तीच्या नावावर जास्तीत जास्त 9 मोबाइल जोडण्या चालतात. शंभर व्हीआयपी नंबर विकायला ठेवलेल्या डीलरकडे ते सगळे स्वतःच्या नावावर असणं कठीण. ते कुठल्या तरी फर्मच्या किंवा तिसऱ्याच माणसांच्या नावावर असतात. तुम्ही पैसे देऊन नुसतं सिम घेतलंत, तर कागदोपत्री ग्राहक तो मूळ माणूसच राहतो. तो उद्या सिम हरवल्याचं सांगून डुप्लिकेट काढू शकतो. मग तुमचं सिम बंद पडेल आणि त्या नंबरावर येणारे बँकेचे ओटीपी त्याच्या हाती जातील. “कंपनी बदलण्यासाठी लागणारा यूपीसी कोड देतो, पोर्ट करून घ्या,” असंही डीलर सांगतात. पोर्टिंगची सोय आहे ती आपलाच नंबर घेऊन कंपनी बदलण्यासाठी. मूळ ग्राहकाची लेखी संमती तुमच्या हातात नसेल आणि त्याने पुढे तक्रार केली, तर तुम्ही काय दाखवणार?

नंबराचा पूर्वेतिहासही बघावा लागतो. तो फोनमध्ये सेव्ह करून व्हॉट्सअॅपवर कोणाचा फोटो दिसतो ते पाहा. कॉलर ओळखणाऱ्या अॅपवर त्याला ‘स्पॅम’चा शिक्का बसला असेल, तर ग्राहक तुमचा फोन उचलणारच नाहीत.

तरीही सोपा नंबर हवाच असेल, तर आधी कंपन्यांच्या वेबसाइटवरची पसंतीच्या नंबरांची यादी उघडा. बीएसएनएलचे लिलावही होतात. पाच वेळा 7 चा हट्ट सोडा. 4545 किंवा 2727 अशा जोडीने संपणारे नंबर दर 10 हजारांत 90 असतात, म्हणजे 77777 पेक्षा 900 पट जास्त, आणि मोठ्याने म्हणून बघा, तोंडात तितकेच पटकन बसतात. असा नंबर काही शे रुपयांत मिळाला, तर जरूर घ्या. फक्त त्याच्यासोबत महागड्या पोस्टपेड प्लॅनची सक्ती नाही ना, ते विचारा.

आणि डीलरकडूनच घ्यायची वेळ आली, तर मूळ ग्राहकासह कंपनीच्या गॅलरीत जा, मालकी बदलाचा अर्ज आणि तुमचं केवायसी तिथेच करा, पक्कं बिल मागा. नंतर सरकारच्या ‘संचार साथी’ पोर्टलवर तुमच्या नावावरच्या जोडण्यांमध्ये तो नंबर दिसला, की मगच पैसे द्या. डीलर याला तयार नसेल, तर तिथेच उठून या.