कॅल्शियम जास्त, पीटीएच 'नॉर्मल' आणि वारंवार मुतखडा

प्रश्न: आईला (वय ५६) तिसऱ्यांदा मुतखडा झालाय. कॅल्शियम ११.९, क्रिएटिनिन १.५, पीटीएच ५८ (रिपोर्टवर रेंज १५ ते ६५), व्हिटॅमिन डी १३. डॉक्टर पॅराथायरॉइडचा संशय घेतात, पण पीटीएच तर नॉर्मल आहे ना? आणि डी इतकं कमी आहे तर ६०,००० ची पाकिटं लगेच सुरू करू का?

उत्तर:

तुमच्या डॉक्टरांचा संशय मला रास्त वाटतो. पाकिटं मात्र स्वतःहून सुरू करू नका. मी किडनीचे रुग्ण पाहते आणि असे रिपोर्ट घेऊन येणारी घरं माझ्या ओळखीची आहेत. बहुतेकांची गल्लत तुमची झाली तिथेच होते.

रिपोर्टवरची १५ ते ६५ ही रेंज रक्तातलं कॅल्शियम ठीक असलेल्या माणसांसाठी आहे. पीटीएच हे मानेतल्या चार छोट्या पॅराथायरॉइड ग्रंथींचं हार्मोन, आणि त्याचं कामच रक्तातलं कॅल्शियम वाढवणं. हाडांतून ते सोडवायचं, लघवीतून जाणारं थोडं अडवायचं, आणि किडनीला व्हिटॅमिन डीचं सक्रिय रूप बनवायला लावायचं म्हणजे आतड्यातून जास्त शोषलं जातं. गच्चीवरची टाकी भरली की पंप आपोआप बंद पडायला हवा, तसं कॅल्शियम ११.९ झाल्यावर निरोगी पॅराथायरॉइड ग्रंथींनी गप्प बसायला हवं. पीटीएच तेव्हा साधारण २० च्या खाली, बऱ्याचदा एक आकडी येतं. टाकी वाहते आहे आणि पंप चालूच आहे, तर तो मध्यम वेगाने चालतोय म्हणून ठीक कसा म्हणायचा? या कॅल्शियमवर ५८ म्हणजे ग्रंथी ऐकत नाहीये. बहुतेक वेळा चारांपैकी एका ग्रंथीवर साधी, कॅन्सरची नसलेली गाठ असते. याला प्रायमरी हायपरपॅराथायरॉइडिझम म्हणतात.

उलटं चित्र कसं दिसतं तेही सांगते, म्हणजे फरक कळेल. गुडघे दुखतात म्हणून एका बाईंनी काही महिने 'हाडांचं इंजेक्शन' घेतलं होतं. एकेका इंजेक्शनात ६ लाख युनिट व्हिटॅमिन डी असतं हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. भूक मेलेली, उलट्या, बद्धकोष्ठ, रात्री चारचारदा लघवीला उठणं. कॅल्शियम १३ च्या वर, क्रिएटिनिन वाढलेलं, पण पीटीएच ६ आणि व्हिटॅमिन डी १५० च्या पुढे. तिथे ग्रंथी शहाण्यासारखी बंद होती, कॅल्शियम बाहेरून लादलं गेलं होतं. पीटीएच असं दबलेलं असलं की शोध वेगळ्या दिशेने जातो: डीचा ओव्हरडोस, कॅन्सर, मायलोमा, किंवा टीबी आणि सार्कॉइडसारखे आजार. या शेवटच्या दोघांत नेहमीचं व्हिटॅमिन डी ठीक किंवा कमीही असू शकतं. तिथे डीचं सक्रिय रूप वेगळं तपासावं लागतं, कारण आजारी पेशी ते स्वतःच बनवतात.

तुमच्या आईंच्या रिपोर्टमध्ये डी १३ आहे, म्हणजे ओव्हरडोस नक्कीच नाही. पॅराथायरॉइडच्या गाठीत डी कमी सापडणं नेहमीचंच आहे. शिवाय डीच्या कमतरतेमुळे कॅल्शियमचा खरा आकडा झाकलाही जातो, त्यामुळे ते भरून काढायला हवंच, आणि ऑपरेशन होणार असेल तर आधीच. पण ते कमी मात्रेत, मध्ये मध्ये कॅल्शियम आणि क्रिएटिनिन तपासत. ११.९ वर असताना एकदम ६०,००० ची पाकिटं दिली तर कॅल्शियम आणखी चढू शकतं, आणि किडनी आधीच ताणलेली आहे.

ती किती ताणलेली आहे? क्रिएटिनिन १.५ ऐकायला थोडंसं वाटतं, पण ५६ वर्षांच्या बाईसाठी हिशोब केला तर जीएफआर, म्हणजे किडनीची रक्त गाळायची क्षमता, साधारण ४० येतो. कॅल्शियम किडनीचं नुकसान दोन वाटांनी करतं. जास्तीचं कॅल्शियम लघवीत उतरतं आणि तिथे ऑक्झलेट किंवा फॉस्फेटबरोबर खडे धरतात. काहींच्या किडनीच्या आतल्या भागातही ते साचतं आणि सोनोग्राफीत पांढरं चमकतं. दुसरी वाट खडा नसतानाही चालू असते. कॅल्शियम वाढलं की किडनीची पाणी राखून ठेवायची ताकद जाते. माणूस भरपूर लघवी करतो, अंगातलं पाणी कमी होतं, किडनीच्या रक्तवाहिन्या आकसतात. पाणी कमी झालं की किडनी कॅल्शियम आणखी धरून ठेवते, आणि कॅल्शियम पुन्हा चढतं. आईंना सतत तहान लागते का, रात्री लघवीला उठतात का, हे विचारून बघा. वयाचं किंवा साखरेचं म्हणून हे लक्षण घरोघरी सोडून दिलं जातं.

'किडनी बिघडल्यामुळेच पीटीएच वाढलं नसेल ना?' ही शंका कुणी काढेल. किडनी बिघडली की पीटीएच वाढतं खरं, पण तेव्हा कॅल्शियम कमी किंवा नॉर्मल असतं. दोन्ही एकत्र चढायला सहसा वर्षानुवर्षांचा किडनीचा आजार लागतो, आणि तेव्हा पीटीएच शेकड्यांत असतं. तुमच्याकडे तो हिशोब जुळत नाही.

पुढे काय करायचं? कॅल्शियम पुन्हा एकदा, त्याच नमुन्यातून अल्ब्युमिन, फॉस्फरस आणि पीटीएच. अल्ब्युमिन ४ पेक्षा कमी असेल तर प्रत्येक १ च्या तुटीला कॅल्शियममध्ये ०.८ मिळवायचे. अल्ब्युमिन ३.५ निघालं तर ११.९ चं १२.३ होतं. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर लॅबला सांगा, काही पद्धतींत त्यामुळे पीटीएच खोटं कमी दिसतं. बीपीच्या गोळीत थायाझाइड आहे का, मानसिक आजारासाठी लिथियम चालू आहे का, हेही डॉक्टरांना सांगा, दोन्हींनी कॅल्शियम वाढतं.

मग २४ तासांच्या लघवीतलं कॅल्शियम. एका आनुवंशिक प्रकारात रक्तात असेच आकडे येतात, पण लघवीत कॅल्शियम फार कमी असतं आणि ऑपरेशनची गरज नसते. तीनदा खडे झालेल्या माणसात तो संभव कमी, तरी गळ्यावर सुरी चालवण्याआधी खात्री हवीच. मानेची सोनोग्राफी आणि सेस्टामिबी स्कॅन त्यानंतर. स्कॅन फक्त गाठ कुठे आहे ते सांगतो. काही दिसलं नाही तरी निदान रक्त-लघवीवरच उभं राहतं, म्हणून 'स्कॅन क्लिअर आहे' एवढ्यावर फाइल बंद होऊ देऊ नका. निदान पक्कं झालं तर खडे, ६० खालचा जीएफआर आणि रेंजच्या वर १ पेक्षा जास्त गेलेलं कॅल्शियम, ही तिन्ही ऑपरेशनची कारणं आईंच्या बाबतीत आहेत. अशी ऑपरेशनं नेहमी करणारा सर्जन शोधा. गाठ निघाली की नवे खडे कमी होतात. किडनीचं झालेलं नुकसान मात्र बहुधा तिथेच थांबतं, पूर्ण भरून येत नाही, म्हणून उगाच लांबवू नका.

तोपर्यंत पाणी भरपूर पाजा. डॉक्टरांनी हृदयासाठी पाणी मोजून द्यायला सांगितलं असेल तरच थांबा. दुखलं की डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन देऊ नका. कॅल्शियमच्या गोळ्या बंद, पण दूध-दही पूर्ण तोडू नका. आहारातलं कॅल्शियम फार कमी झालं तर आतड्यातून ऑक्झलेट जास्त शोषलं जातं आणि पीटीएचही चढतं. उलट्या थांबेनात, आई गुंगीत गेल्यासारख्या वाटल्या किंवा बरळू लागल्या, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता थेट इमर्जन्सीला न्या. कॅल्शियम १४ च्या आसपास गेलं असेल तर आधी शिरेतून सलाईन लागतं, आणि बाकीची औषधं किडनी बघून ठरवावी लागतात.